जार नवा, टाकी जुनीच: डिस्पेन्सरच्या पाण्याला वास का येतो आणि तो कसा घालवायचा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. त्याचा दहावी-बारावीचा क्लास आहे आणि तिथे कोपऱ्यात २० लीटरचा जार उलटा ठेवायचा डिस्पेन्सर आहे. "ताई, पाण्याला ओल्या फडक्यासारखा वास येतोय. जारवाला बदलला, परत बदलला, आता हा तिसरा. वास तोच. तू पाणी तपासतेस ना, एक बाटली पाठवू का?"

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे उन्हाळ्यात असे फोन येतातच. बाटली पाठवण्याआधी मी त्याला एकच गोष्ट विचारली: वास कोणत्या वारी जास्त येतो? तो जरा थांबला आणि म्हणाला, "सोमवारी. सोमवारी सकाळी मुलं घोट घेऊन बेसिनमध्ये थुंकतात." रविवारी क्लास बंद असतो, आणि वीज वाचावी म्हणून शनिवारी संध्याकाळी तो डिस्पेन्सरचं बटण बंद करून जातो.

इथेच निम्मं उत्तर मिळालं होतं. दोष जारमधल्या पाण्याचा असता तर वास नव्या जारबरोबर आला किंवा गेला असता. तो येत होता पाणी यंत्रात दीड दिवस पडून राहिल्यावर. म्हणजे गडबड जारच्या खाली, यंत्राच्या पोटात होती.

डिस्पेन्सरच्या पोटात काय असतं?

बाहेरून बघितलं तर वाटतं, जारमधलं पाणी सरळ नळात येतं. तसं नसतं. जारखाली एक टाकी असते, साधारण ३-४ लीटरची. जारचं तोंड या टाकीत बुडतं आणि टाकी तोंडापर्यंत भरली की पाणी यायचं थांबतं. टाकीच्या मध्यावर एक प्लास्टिकची चकती बसवलेली असते. चकतीच्या वरचं पाणी साधं राहतं, खालचं गार होतं. चकतीच्या मधून एक नळी खाली जाते ती गरम पाण्याच्या वेगळ्या, लहान, बंद टाकीत. म्हणजे गार, साधं आणि गरम अशा तिन्ही नळांचं पाणी आधी त्या एकाच वरच्या टाकीतून जातं.

नळ उघडला की जारमध्ये गुडगुड आवाज करत बुडबुडे वर जातात. जितकं पाणी खाली आलं तितकी खोलीतली हवा आत गेली, हा त्या आवाजाचा अर्थ. त्या हवेबरोबर धूळ जाते, बुरशीचे बीजाणू जातात. आणखी एक वाट मला जास्त खटकते. जारची मान बाहेरून टेम्पोत, जिन्यावर, फरशीवर आणि दोन-चार हातांत फिरून आलेली असते, आणि पुष्कळशा यंत्रांत तीच मान टाकीतल्या पाण्यात बुडून राहते. आपण पेला विसळून घेतो, पण ती मान क्वचितच कोणी पुसतं.

पाणी शुद्ध, मग त्यात वाढतं काय?

नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं. भारतीय मानक (आयएस १०५००) सांगतं, की क्लोरीन घातलेल्या पाण्यात शेवटच्या नळापर्यंत लीटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. हे उरलेलं क्लोरीन म्हणजे वाटेवरचा राखणदार. पाइपात किंवा टाकीत नवे जंतू शिरले तर तो त्यांना आवरतो. जारचं पाणी मात्र बहुधा कार्बन आणि आरओ फिल्टरमधून आलेलं असतं. कार्बन क्लोरीन काढून टाकतो. पाणी गोड लागतं, पण राखणदार गेलेला असतो. असं पाणी बंद जारमध्ये ठीक राहतं. उघड्या टाकीत त्याला कोणी वाली नसतो.

जंतूंना जगायला फार काही लागत नाही. धुळीतले कण, रबराच्या वायसरमधून किंवा प्लास्टिकमधून सुटणारे अत्यल्प पदार्थ, एवढ्यावरही काही जातींचं भागतं. ते पाण्यात तरंगत बसत नाहीत. टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट डिंकासारखा पदार्थ सोडतात. त्या डिंकात हजारो पेशी एकत्र राहू लागतात. शास्त्रात याला बायोफिल्म म्हणतात. मी पुढे तिला बुळबुळ म्हणेन, कारण बोट फिरवल्यावर हाताला तेच कळतं.

विरजणाचं उदाहरण घ्या. दह्याचं भांडं न घासता त्यात ताजं, उत्तम दूध ओतलं तर सकाळी त्याचं दहीच होणार. दूध कोणत्या डेअरीचं आहे याने काही फरक पडत नाही, भांड्याला लागलेलं विरजण काम करतं. डिस्पेन्सरच्या टाकीतली बुळबुळ हे तसं विरजण आहे. भावाने तीन जारवाले बदलले, म्हणजे तीन डेअऱ्यांचं दूध त्याच खरकट्या भांड्यात ओतलं.

बुळबुळीचा रंग थोडीफार माहिती देतो. गुलाबी-नारिंगी थर पुष्कळदा सेरॅशिया नावाच्या जिवाणूंचा असतो. काळे ठिपके आणि ओल्या फडक्याचा कुबट वास बुरशीकडे बोट दाखवतात. हिरवी झाक दिसली तर ते शेवाळ, आणि याचा अर्थ यंत्रावर किंवा जारवर ऊन किंवा भरपूर उजेड पडतोय. उजेड नसेल तर शेवाळ वाढत नाही, म्हणून यंत्र खिडकीपासून हलवल्याखेरीज ते परत परत येणार. पांढरा खरखरीत थर मात्र जंतूंचा नसतो. तो क्षार असतो आणि बहुतेक गरम टाकीत साठतो. पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बुळबुळीला छान बैठक मिळते.

यातले बहुतेक जंतू धडधाकट माणसाला आजारी पाडत नाहीत. वास आणि चव बिघडवतात, एवढंच. पण अशा टाक्यांमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा एक जिवाणूही वाढू शकतो, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला त्याचा संसर्ग महागात पडतो. म्हणून केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णासाठी किंवा तान्ह्या बाळाच्या दुधासाठी डिस्पेन्सरचं पाणी थेट वापरू नये. ते वेगळं उकळून घ्यावं.

आधी चार पेल्यांची परीक्षा

साफसफाईला हात घालण्याआधी वास नेमका कुठून येतोय ते शोधावं. मी भावाला चार स्वच्छ काचेचे पेले घ्यायला सांगितले. एकात नव्या जारमधून थेट ओतलेलं पाणी, दुसऱ्यात साध्या नळाचं, तिसऱ्यात गार नळाचं, चौथ्यात गरम नळाचं. मग चारही पेले झाकून, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ठेवायचे. हे महत्त्वाचं, कारण गार पाण्याचा वास नाकाला कमी कळतो. नंतर एकेक झाकण काढून हुंगायचं.

जारच्या पेल्याला वास असेल तर जारवाल्याशी बोला, यंत्र धुऊन उपयोग नाही. जार स्वच्छ आणि बाकी तिन्हींना वास, तर वरची टाकी. एकाच पेल्याला वास असेल तर तो नळ, किंवा त्याच्या मागची नळी. भावाचा जार स्वच्छ निघाला. साधं आणि गार दोन्ही वासाचं होतं, गारचं जास्त. गरम पाण्याला फिकट वास होता.

मग त्याला कान साफ करायची कापसाची काडी गार नळाच्या तोंडात आतून फिरवायला सांगितली. फोटो आला: कापूस करडा-गुलाबी झालेला. आता प्रयोगशाळेत बाटली पाठवायची गरज उरली नव्हती.

साफसफाईचा क्रम: आधी घासणं, मग ब्लीच

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगते. बरेच जण टाकीत थोडं ब्लीच ओततात, तासभर ठेवतात आणि सोडून देतात. आठ दिवसांत वास परत येतो. कारण ब्लीचमधलं क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी भिडतं आणि खर्च होतं. बुळबुळीच्या वरच्या थरावरच ते संपतं, तळाचे जंतू डिंकाखाली सुरक्षित राहतात. दात घासायचे सोडून नुसत्या गुळण्या करण्यासारखं आहे हे. शिवाय मेलेला थर जागेवरच राहिला तर पुढच्या जंतूंना तो आयता खाऊ. म्हणून हाताने घासून बुळबुळ काढणं हे मुख्य काम आणि ब्लीच हा त्यावरचा शेवटचा हात.

पहिलं काम विजेचं. मागचं गरम पाण्याचं बटण बंद करा, पण प्लग काढून लगेच टाकी उपसू नका. गरम टाकीत ८५ ते ९५ अंशांचं पाणी असतं. जार जागेवर असतानाच गरम नळ उघडून पाणी बादलीत घेत राहा. वरून थंड पाणी येत जातं आणि काही मिनिटांत नळाला कोमट पाणी लागतं. मग प्लग भिंतीतून काढा, जार उतरवा आणि गार व साध्या नळातून निघेल तितकं पाणी काढून टाका. उरलेलं पाणी यंत्राच्या मागच्या बाजूला खाली असलेल्या बुचातून निघतं. तिथे एक स्क्रूचं टोपण आणि आत सिलिकॉनचं बूच असतं. खाली बादली धरून दोन्ही काढा. भावाच्या यंत्रातून इथून लीटरभर पाणी आलं आणि त्यात करडे तुकडे तरंगत होते. चार वर्षांत ते बूच कोणी उघडलंच नव्हतं. घरचं यंत्र बुटकं असेल तर आधी स्टुलावर ठेवावं लागतं, नाहीतर बादली खाली जात नाही.

आता वरचा गळा, म्हणजे जार बसतो तो प्लास्टिकचा भाग, थोडा फिरवून उचला. आतली चकती सरळ वर ओढली की निघते. काही यंत्रांत ती नळीसकट फिरवून सोडवावी लागते. चकतीची खालची बाजू बघा. ती कधीच कोणाला दिसत नाही आणि बुळबुळ सगळ्यात जाड तिथेच असते. गळा, चकती आणि ट्रे भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात घालून मऊ ब्रशने घासा. टाकीच्या भिंती, तळ आणि कोपरे मऊ स्पंजाने. तारेची घासणी अजिबात नको. स्टीलवर चरे पडतात आणि पुढची बुळबुळ त्या चऱ्यांत घर करते. टाकीत साबण अगदी थोडा वापरा, नाहीतर फेस धुण्यातच अर्धा दिवस जाईल. काम झालं की नाही हे डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासायचं. ओल्या स्टीलवर बोट फिरवल्यावर ते किंचित अडखळलं पाहिजे. घसरलं तर बुळबुळ अजून आहे.

पांढरा थर दिसत असेल तरच क्षार काढायची पायरी. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना ती बहुधा लागते, आरओचे जार घेणाऱ्यांना क्वचित. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून जे सायट्रिक ॲसिड मिळतं ते लीटरला साधारण २० ग्रॅम विरघळवून टाकीत भरा, गरम नळातूनही थोडं काढा म्हणजे खालच्या टाकीपर्यंत पोचेल, अर्ध्या तासाने बुचातून सोडून द्या आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. हे धुणं टाळू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसांना इजा करतो. याच कारणासाठी संडास साफ करायचं आम्लाचं द्रव या कामाच्या आसपासही नको.

नळ: सगळ्यांत दुर्लक्षित जागा

टाकी लख्ख झाली आणि नळ तसाच राहिला, तर प्रत्येक पेल्यात पाणी शेवटची दोन इंचं बुळबुळीतूनच येणार. शिवाय नळाच्या तोंडाला बाटल्यांची तोंडं लागतात, हात लागतात. ती बुळबुळ नळातून मागे टाकीकडेही पसरते.

टाकी रिकामी असतानाच नळ काढायचे. बऱ्याच यंत्रांत नळाचा वरचा दाबायचा भाग उलट दिशेने फिरवला की सुटतो आणि आत सिलिकॉनचं घंटेच्या आकाराचं बूच मिळतं. पाणी अडवण्याचं काम तेच करतं. त्याच्या घडीत काळी रेघ हमखास सापडते. ते बाहेर काढून साबणाने घासा, नळाच्या आत बाटलीचा बारीक ब्रश फिरवा. बूच चिरलेलं किंवा काळं पडून निघतच नसेल तर नवं बसवा. रबर किंवा सिलिकॉनच्या आत मुरलेली बुरशी ब्लीचनेही निघत नाही. भावाच्या गार नळाचं बूच असंच होतं. दुकानदाराकडून तसलंच दुसरं मिळालं.

ब्लीच किती? मोजून.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, घरगुती ब्लीचवर बहुतेक ४ किंवा ५, मेडिकलच्या दुकानातल्या बाटलीवर ५ किंवा १०. टक्केवारी लिहिलेली नसेल ती बाटली या कामाला घेऊ नका. सुगंधी, रंगीत किंवा साबण मिसळलेलं ब्लीचही नको. तारीखही बघा, कारण हे द्रव पडून राहिलं, त्यातून उन्हाळ्यात, की त्याचा जोर उतरत जातो.

आपल्याला लीटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोरीन हवं. हिशेब सोपा आहे: २० ला बाटलीवरच्या टक्केवारीने भागा, येईल तितके मिलीलीटर दर लीटर पाण्याला. ४ टक्के असेल तर ५ मिली, ५ टक्के असेल तर ४ मिली, १० टक्के असेल तर फक्त २ मिली. खोकल्याच्या औषधाचं मोजाचं झाकण यासाठी चांगलं, पण नंतर ते पुन्हा औषधाला वापरायचं नाही.

भावाकडे ४ टक्क्यांची बाटली होती आणि दोन्ही टाक्या मिळून चारेक लीटर पाणी मावत होतं. त्याने बादलीत ५ लीटर पाणी घेतलं, २५ मिली ब्लीच घातलं, खिडकी उघडी ठेवली, हातमोजे घातले. मागचं बूच लावलं, चकती, गळा आणि नळ परत बसवले आणि मगाने ते पाणी वरच्या टाकीत काठापर्यंत भरलं. मग तिन्ही नळ एकेक करून उघडले आणि ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी जाऊ दिलं. असं केलं नाही तर नळात आणि नळ्यांत साधंच पाणी अडकून राहतं आणि ब्लीच तिथे पोचतच नाही. उरलेल्या पाण्यात कापड बुडवून गळ्याची कड आणि नळांची तोंडं बाहेरून पुसली.

यानंतर थांबायचं पाच मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण घासलेल्या पृष्ठभागाला एवढा वेळ पुरतो. रात्रभर ठेवलं तर क्लोरीन स्टीलला खायला लागतं, बारीक तपकिरी खड्डे पडतात, आणि सिलिकॉनच्या नळ्यांत ब्लीचचा वास इतका मुरतो की पुढचा आठवडा तोच पाण्यात येतो.

गावाकडचे काही जण यासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात, कारण ग्रामपंचायतीत ती असतेच. विहिरीला आणि मोठ्या टाकीला ती योग्य आहे. डिस्पेन्सरला नको. तिच्यात न विरघळणारा चुना असतो आणि तो बारीक नळीत व नळाच्या बुचात जाऊन बसतो.

"पण मग ते ब्लीच पोटात जाणार ना?"

भावाचा हाच पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. उत्तर विसळण्याच्या हिशेबात आहे. नळ आणि मागचं बूच उघडून टाकी पूर्ण सोडली तरी कोपऱ्यांत आणि नळ्यांत थोडं पाणी राहतं. ४ लीटरच्या यंत्रात ते २०० मिली धरू, म्हणजे विसावा भाग. आता टाकी स्वच्छ पाण्याने भरली की २०० मिलिग्रॅमचे १० झाले. ती सोडून पुन्हा भरली की ०.५. तिसऱ्यांदा भरली की ०.०२५. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली क्लोरीनची मर्यादा लीटरला ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दुसऱ्या विसळण्यालाच आपण त्याच्या दहाव्या भागावर येतो, आणि तिसरं विसळणं चवीसाठी. प्रत्येक वेळी तिन्ही नळांतून पाणी काढायचं आणि मागच्या बुचातूनही सोडायचं, तरच हा हिशेब लागू पडतो. नुसतं वरून ओतत राहिलं तर जुनं आणि नवं पाणी मिसळत राहतं आणि कितीतरी जास्त पाणी वाया जातं.

गरम टाकीची एक खबरदारी. शेवटचं विसळून झाल्यावर जार लावा, गरम नळातून पाण्याची सलग धार येऊ द्या आणि मगच गरमचं बटण चालू करा. टाकी रिकामी असताना बटण दाबलं तर हीटर कोरडा तापून जळू शकतो. ब्लीचचं पाणी आत असताना तापवलं तर स्टील खराब होतं.

"उकळतं पाणी ओतलं तर?" आणि असेच आणखी प्रश्न

उकळतं पाणी गार टाकीत ओतू नका. प्लास्टिकची चकती वाकडी होते, वायसर सैल पडतात, आणि थंड करणाऱ्या भागाला असा धक्का मानवत नाही. शिवाय उकळत्या पाण्याने जंतू मेले तरी डिंक भिंतीलाच राहतो.

टीडीएस मीटर ५० दाखवतो, मग पाणी चांगलंच असणार, असं पुष्कळ जण सांगतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू विरघळलेले नसतात. बुळबुळीने भरलेल्या टाकीतलं पाणीही ५० दाखवेल आणि लख्ख टाकीतलंही. तसंच पाणी तपासायला गावोगावी वापरतात त्या एच-टू-एस बाटलीचं. ती काळी पडली तर पाण्यात सांडपाणी किंवा विष्ठा मिसळल्याचा संशय येतो आणि ते पाणी ताबडतोब बंद करायचं. पण काळी पडली नाही म्हणून टाकीत बुळबुळ नाही असं ठरत नाही, कारण हे जंतू वेगळे.

आरओ यंत्रात यूव्ही दिवा आहे, मग टाकी का धुवायची? यूव्हीचा उपयोग पाणी दिव्यासमोरून जातं त्या क्षणापुरता. दिवा जंतू मारतो, पण पाण्यात पुढच्या प्रवासासाठी काही ठेवत नाही. दिव्याच्या पुढे टाकी असेल तर तिथे पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

गार पाण्यात जंतू वाढत नाहीत, हे निम्मं खरं आहे. गारव्याने त्यांची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. आणि यंत्र बंद केलं की तो गारवाही जातो. साताऱ्याच्या क्लासमध्ये शनिवारी रात्री बंद केलेली टाकी रविवारी दुपारी खोलीइतकीच गरम होत होती. सोमवारचं कोडं ते हेच.

सोसायटीत, शाळेत किंवा दवाखान्यात असतो तो ४० किंवा ८० लीटरचा स्टीलचा कूलर तत्त्वाने वेगळा नाही. वरचं झाकण उघडून बॉलकॉकचा फुगा आणि त्याची दांडी आधी बघा, बुळबुळ तिथे लोंबत असते. मात्र त्याचं काम विजेचं काम कळणाऱ्या माणसाला सोबत घेऊनच करावं. ओल्या फरशीवर धातूचं मोठं यंत्र आणि सैल अर्थिंग ही जोडी जिवावर बेतते.

परत किती दिवसांनी?

यंत्र कुठे आहे, पाणी किती लागतं, यावर हे ठरतं. माझा अनुभव असा, की रोज जार संपणाऱ्या ठिकाणी उन्हाळ्यात महिन्याला एकदा आणि एरवी सहा आठवड्यांनी पूर्ण सफाई पुरते. आठवड्याला एकच जार लागत असेल तर सफाई कमी नाही, जास्त वेळा लागते, कारण पाणी पडून राहतं. तारखेपेक्षा बोटाचा भरवसा जास्त ठेवा: जार बदलताना स्वच्छ बोट टाकीच्या आतल्या कडेवर फिरवा. घसरलं तर दिवस भरले.

दोन सफायांच्या मधल्या काळात तीन सवयींनी खूप फरक पडतो. जार उलटा करण्याआधी त्याची मान आणि तोंड स्वच्छ, ओल्या कापडाने पुसणं, आणि त्यासाठी वेगळं कापड ठेवणं. नळांची तोंडं आणि ट्रे आठवड्यातून एकदा साबणाने धुणं. सलग दोन दिवस सुट्टी असेल तर जाताना जार काढून टाकी रिकामी करून जाणं. सुट्टीनंतर पहिल्यांदा भरलेलं पाणी प्यायचं नाही, ते झाडांना.

भावाचं पूर्ण काम अडीच तासांत झालं. त्यातला दीड तास चकती आणि नळांवर गेला. त्यानंतरच्या सोमवारी त्याने पुन्हा चार पेले भरून ठेवले आणि मुलांनाच हुंगायला लावलं. तीन पेल्यांना वास नव्हता. गार नळाच्या पेल्याला होता, अगदी पुसट. नवं बूच घातलं होतं, मग राहिलं काय? टाकीतून गार नळाकडे जाणारी वीतभर सिलिकॉनची नळी कोणी काढलीच नव्हती. आतून काळी पडलेली ती नळी त्याने त्याच दिवशी बदलली.